गिऱ्हाइकाच्या बोटांना जमेल असं नाव

येवल्याच्या पेठेत एक साड्यांचं दुकान आहे असं धरू या. पाटीवर नाव आहे 'श्री महालक्ष्मी साडी सेंटर'. दुकान सुमनताई चालवतात. लग्नसराईत नाशिक-पुण्याहून गाड्या भरून लोक येतात, पण वर्षभर गल्ला चालतो तो फोनवर. म्हणून ताईंनी यूट्यूबवर चॅनल काढलं. रोज संध्याकाळी दोन-तीन नव्या पैठण्या उलगडून पदर, काठ, किंमत दाखवायची, असा बेत. सोलापूरहून एका गिऱ्हाईक बाईंचा फोन येतो, "नवीन काय आलंय?" ताई सांगतात, "यूट्यूबवर या ना, दुकानाचं नाव टाका, सगळं दिसेल." बाई नाव टाकतात. समोर महालक्ष्मी नावाच्या साडीवाल्यांची रांग उभी राहते, कुणी कोल्हापूरचा, कुणी सुरतेचा, कुणी हैदराबादचा. त्या पहिल्या दुकानाला हात लावतात, साड्या आवडतात, नंबर खाली दिलेलाच असतो. येवल्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि हे सुमनताईंना कधी कळतही नाही.

दुकान आणि ताई काल्पनिक आहेत, अडचण मात्र खरी आहे. छोटा दुकानदार चॅनल काढतो तेव्हा कॅमेरा, लाइट, बॅनर यांवर विचार करतो आणि नाव मात्र पाटीवरून जसंच्या तसं उचलतो. पाटीवरचं नाव वाचायचं असतं. चॅनलचं नाव ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि मग मोबाइलवर बोटांनी लिहायचं असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. यूट्यूबवर चॅनलला दोन नावं असतात. एक चॅनलचं नाव, जे व्हिडिओखाली ठळक दिसतं. ते कुठल्याही लिपीत असू शकतं, त्यात मोकळ्या जागा चालतात आणि तेच नाव शंभर जणांचं असलं तरी यूट्यूबची हरकत नसते. दुसरं हँडल, जे `@` या चिन्हाने सुरू होतं. हँडल २०२२ च्या ऑक्टोबरपासून आले. जगात एका हँडलचा मालक एकच. त्यात मोकळी जागा चालत नाही, लांबी तीन ते तीस अक्षरं, आणि चॅनलचा पत्ता त्याच्यावरूनच बनतो: `youtube.com/@` आणि पुढे हँडल.

दोन्हींचे रोग वेगळे आहेत. नावाचा रोग गर्दीचा. गिऱ्हाइकाने थोडं चुकीचं लिहिलं तरी यूट्यूबचा शोध बऱ्याचदा समजून घेतो, `Laxmi` लिहिलं तरी `Lakshmi` दाखवतो. पण समजून घेतल्यावर तो त्या नावाचे सगळेच समोर मांडतो आणि त्यात जास्त पाहिले जाणारे वर असतात. हँडलचा रोग स्पेलिंगचा. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पान सापडत नाही, किंवा दुसऱ्याचंच चॅनल उघडतं. म्हणून नाव निवडताना विचारायचं, 'हे आणखी कुणाचं आहे का?' आणि हँडल निवडताना विचारायचं, 'हे किती प्रकारे लिहिता येतं?'

सुमनताईंच्या पाटीला हा दुसरा प्रश्न विचारून बघू. 'श्री' लोक तीन तऱ्हेने लिहितात: `shri`, `shree`, `sri`. 'महालक्ष्मी' दोन तऱ्हेने: `mahalaxmi`, `mahalakshmi`. 'साडी' पुन्हा तीन: `sadi`, `sari`, `saree`. 'सेंटर' दोन: `center`, `centre`. तीन गुणिले दोन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे छत्तीस. एकच नाव, स्पष्ट ऐकलेलं, नीट लक्षात राहिलेलं, आणि ते छत्तीस प्रकारे लिहिलं जाऊ शकतं. त्यातला एकच प्रकार बरोबर. शिवाय `shreemahalakshmisareecentre` हीच सत्तावीस अक्षरं झाली. 'महालक्ष्मी'वाले पुष्कळ म्हणून गावाचं नाव जोडायला जावं, तर `yeola` नव्हे, `vita` नव्हे, फक्त तीन अक्षरांचं गावच त्यात मावेल.

ही अडचण इंग्रजी न येणाऱ्यांची आहे असं समजू नये. मराठी रोमी अक्षरांत लिहायची एकच ठरलेली पद्धत व्यवहारात नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या कानाने आणि सवयीने लिहितो. 'ज्ञानेश्वर' आपण `Dnyaneshwar` लिहितो, इंदूरचा हिंदी बोलणारा माणूस `Gyaneshwar` लिहील, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. 'व' कुणी `v` ने लिहितो, कुणी `w` ने. 'कृष्णा' कुणाचा `Krushna`, कुणाचा `Krishna`. 'गौरी' `Gauri` आणि `Gouri`. 'माझा' हा शब्द `maza` असाही लिहितात, `majha` असाही. शेवटची दीर्घ ई `i` ने संपते की `ee` ने, यावर तर एका घरातल्या दोन बहिणींचं एकमत होत नाही. गावांची नावंही सुटत नाहीत. येवल्याचं सरकारी स्पेलिंग `Yeola` आहे, त्यात `v` चा पत्ताच नाही. गावातल्या माणसाला ते माहीत असतं, सोलापूरच्या बाई कानाने ऐकून `yevla` लिहिणार. नाशिकचंही `Nashik` आणि `Nasik` असं दुहेरी चालत आलं आहे.

याउलट काही अक्षरं अशी आहेत की ऐकली की सगळे एकाच तऱ्हेने लिहितात. म, न, र, ल, प, ब, ग, स, ह ही त्यातली. त्यांच्यासोबत ऱ्हस्व स्वर आले तर शब्द आणखी सुरक्षित होतो. 'सुमन' हा शब्द बघा: `suman`. याला दुसरं वळण द्यायला जागाच नाही. 'वैष्णवी', 'ऋतुजा', 'यज्ञेश' ही नावं सुंदर आहेत, पण हँडलमध्ये ती गिऱ्हाइकाची परीक्षा घेतात.

इंग्रजी शब्द घेतले की प्रश्न मिटेल असं वाटतं. तो बऱ्याचदा वाढतो. `centre` की `center`, `jewellers` की `jewelers`, `stationery` की `stationary`, हे गोंधळ शिकलेल्यांचेही होतात. 'बुटीक' हा शब्द आता तालुक्या-तालुक्यात बोलला जातो, पण तो कानाने ऐकून `boutique` असा लिहून दाखवणारी गिऱ्हाइकं किती निघतील? 'स्टोअर्स'मधला शेवटचा `s` बोलताना ऐकूच येत नाही, म्हणून लिहिताना गळतो. 'कलेक्शन', 'क्रिएशन्स', 'एंटरप्रायझेस' हे शब्द तर दुकानाबद्दल काही सांगतही नाहीत. ते पाटीवरच राहू द्यावेत.

मग सुमनताईंनी काय करावं? माझं ठाम मत आहे की नाव गिऱ्हाइकांकडून घ्यावं, पाटीवरून घेऊ नये. दुकानाच्या नोंदणीत, बिलावर, बँकेत जे नाव आहे ते तसंच राहू द्या, त्याला धक्का लावायची गरज नाही. पण लोक बोलताना काय म्हणतात ते कान देऊन ऐका. "श्री महालक्ष्मी साडी सेंटरमधून घेतली" असं कुणीच म्हणत नाही. म्हणतात, "सुमनताईंकडची पैठणी आहे." हे नाव लोकांनी स्वतः ठेवलं आहे आणि वर्षानुवर्षं लक्षातही ठेवलं आहे. ते मिळवायला जाहिरात लागली नाही. त्यातून दोन शब्द उचलायचे: एक ओळखीचा, एक धंद्याचा. सुमन आणि पैठणी.

'पैठणी' हा शब्दही नशिबाने बरा आहे. २०१० साली या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं ते `Paithani` याच स्पेलिंगने, आणि दुकानांच्या पाट्यांवर, जाहिरातींत हेच स्पेलिंग इतकं दिसतं की ते लोकांच्या डोळ्यांत बसलं आहे. धंद्याचा शब्द निवडताना हे बघावं की त्याचं एक स्पेलिंग आधीच रुळलेलं आहे का. 'नऊवारी' घ्यायला गेलो तर `nauvari`, `navvari`, `nawari` असे फाटे फुटतात. शिवाय `suman` ला `nauvari` जोडलं की मध्ये दोन `n` लागोपाठ येतात, `sumannauvari`, आणि घाईत टाइप करणारा त्यातला एक खातो. दोन शब्द जोडताना पहिल्याचं शेवटचं आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर एकच नाही ना, एवढं नक्की पाहावं. `sumanpaithani` मध्ये ती अडचण नाही. तेरा अक्षरं, दोन ओळखीचे शब्द, सांधा स्वच्छ.

हे हँडल कुणी आधीच घेतलेलं असेल तर? तिथे लोक हटकून आकडे, रेघा, टिंबं जोडतात आणि केलेली सगळी मेहनत वाया घालवतात. यूट्यूबला हँडलमध्ये अंडरस्कोर, हायफन आणि टिंब चालतं, फक्त सुरुवातीला आणि शेवटी चालत नाही. चालतं म्हणून घेऊ नये. फोनवर "सुमन, मग खालची रेघ, मग पैठणी" असं सांगितलं की ऐकणारा विचारतो, "कुठली रेघ?" मोबाइलच्या कळफलकावर ती `?123` दाबून शोधावी लागते आणि तिच्या जवळच आडवी रेघही बसलेली असते. आकड्यांचंही तसंच. 'वन' ऐकून कुणी `1` लिहितो, कुणी `one`. शून्य आणि `o` छापील पिशवीवर सारखेच दिसतात. दुकान स्थापन झाल्याचं साल मालकाला पाठ असतं, गिऱ्हाइकाला नसतं. फोन नंबरच हँडल म्हणून घ्यावा असं काहींना सुचतं, पण नंबरासारखं दिसणारं हँडल यूट्यूब स्वीकारत नाही. त्यापेक्षा तिसरा साधा शब्द जोडावा, जो बोलताना आपोआप तोंडात येतो. `sumanpaithanighar` हे लांब आहे, तरी 'सुमन पैठणी घर' एकदा ऐकलं की लिहिता येतं.

हायफन टाळायला आणखी एक कारण आहे. इन्स्टाग्रामच्या नावात फक्त रोमी अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोर चालतं, हायफन चालत नाही. यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळीकडे एकच हँडल मिळालं तर पिशवीवर एकदाच छापता येतं आणि गिऱ्हाइकाला एकच लक्षात ठेवावं लागतं. नुसत्या अक्षरांचं हँडल सगळीकडे चालतं. म्हणून एका जागी ते घ्यायच्या आधी सगळ्या जागी मोकळं आहे का ते पाहावं आणि असलं तर एकाच बैठकीत सगळीकडे घेऊन टाकावं.

आता लिपीचा प्रश्न. मराठी दुकान, मराठी गिऱ्हाईक, मग हँडल देवनागरीत का नको? यूट्यूबवर इतर लिपींतलं हँडलही घेता येतं, आणि मनाला ते पटतं. अडचण पुढे येते. देवनागरीतला पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो बऱ्याचदा फुटतो. 'पैठणी' एवढ्या एका शब्दाचं असं होतं:

```
%E0%A4%AA%E0%A5%88%E0%A4%A0%E0%A4%A3%E0%A5%80
```

पाच चिन्हांच्या शब्दाची पंचेचाळीस अक्षरं झाली. दुवा चालतो, पण बघणाऱ्याला ही फसवणुकीची लिंक वाटते आणि तो हात लावत नाही. इन्स्टाग्राम तर देवनागरी नाव घेतच नाही. म्हणून हँडल रोमीत ठेवावं आणि देवनागरीला तिच्या मानाच्या जागी बसवावं, म्हणजे चॅनलच्या नावात: `सुमन पैठणी, येवला | Suman Paithani`. याचा उपयोग दिखाव्यापलीकडचा आहे. आता पुष्कळ जण टाइप करत नाहीत, माइकचं बटण दाबून बोलतात. फोनची भाषा मराठी असेल तर बोललेलं देवनागरीत उमटतं, इंग्रजी असेल तर रोमीत. दोन्ही लिपी नावात असल्या की दोन्ही तऱ्हेचे लोक पोहोचतात. गावाचं नावही इथेच घालावं, कारण इथे स्पेलिंगची भीती नाही आणि गर्दीतून वेगळं पडायला गावासारखा आधार नाही.

गिऱ्हाईक नाव किती लक्षात ठेवतं, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी विचार केला आहे. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांचा वाद १९६२ साली न्यायालयापुढे आला. दोन्ही शब्दांचे अर्थ फोड केली तर वेगळे आहेत. पण न्यायालयाने म्हटलं की सामान्य गिऱ्हाईक नावाची फोड करत बसत नाही. त्याच्या मनात नावाचा एकूण, अर्धवट ठसा असतो आणि त्यावरून तो गल्लत करू शकतो. दुकानदाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नावातला एकच शब्द ठसणार आहे, तर तो 'महालक्ष्मी' किंवा 'सेंटर'सारखा सगळ्यांचा नसावा. आणि पेठेतल्या चालत्या दुकानाच्या नावाशी उच्चारात जुळणारं नाव घेऊ नये. अर्थ वेगळा आहे हा बचाव पुरत नाही. शंका असेल तर सरकारच्या `ipindia.gov.in` या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध कुणालाही घेता येतो, आणि तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे.

नाव ठरलं की ते तपासायचं. ही तपासणी दुकानात बसून, कागदावर लिहून होत नाही, कारण लिहिणारा स्वतः नाव जाणतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी चार-पाच जणांना फोन करा. त्यात एक साठीच्या पुढची बाई असू द्या, एक कॉलेजातली मुलगी, आणि एखादं गिऱ्हाईक महाराष्ट्राबाहेरचं. त्यांना नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि म्हणा, "हे इंग्रजी अक्षरांत कसं लिहाल ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा." आलेली उत्तरं एकाखाली एक लिहा. सगळी जुळली तर नाव पक्कं. एखादं वेगळं आलं तर काय बदललं ते पाहा. बहुतेक वेळा एकाच अक्षरावर गाडी अडकलेली असते, आणि तो शब्द बदलता येतो. दोन दिवसांनी त्यांनाच पुन्हा विचारा, "त्या दिवशी काय नाव सांगितलं होतं?" जो शब्द त्यांना आठवत नाही तो हँडलमधून काढून टाकायचा.

शोधाची तपासणी स्वतःच्या फोनवर कधीही करू नये. आपण आपलंच चॅनल रोज उघडतो, म्हणून आपल्या फोनला ते वर दाखवायची सवय लागलेली असते आणि "टाकलं की पहिलंच येतं" असा खोटा दिलासा मिळतो. ज्याने चॅनल कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या फोनवर नाव टाकून बघा. एकदा टाइप करून, एकदा माइकवर बोलून.

ज्यांचं चॅनल आधीच चालू आहे त्यांनी आज एक गोष्ट पाहावी. चॅनलच्या पानावर नावाखाली `@` पुढे काय लिहिलं आहे? हँडल आपण स्वतः निवडलं नसेल तर यूट्यूबने आपणहून एक दिलेलं असतं, नावाला हायफन आणि वाटेल ती अक्षरं-आकडे चिकटवून. ज्यांची नावं देवनागरीत होती त्यांतल्या अनेकांना नुसतं `@user-` आणि पुढे अगम्य अक्षरं असं मिळालं. कित्येक दुकानदारांना हे ठाऊकच नसतं. ते यूट्यूब स्टुडिओतल्या कस्टमायझेशनमध्ये जाऊन बदलता येतं आणि पैसे लागत नाहीत. चौदा दिवसांत दोनदा बदलता येतं. जुनं हँडल चौदा दिवस आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं आणि तोवर जुना पत्ताही चालतो. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. म्हणजे पाच हजार पिशव्यांवर जुनं हँडल छापलेलं असेल तर त्या पिशव्या उद्या दुसऱ्याच्या चॅनलचा रस्ता दाखवू शकतात. बदलायचं असेल तर छपाईच्या आधी बदलावं.

क्यूआर कोडबाबतही हीच काळजी. कोड बहुधा हँडलच्या पत्त्यावरून बनवतात आणि हँडल बदललं की तो निकामी होतो. प्रत्येक चॅनलला `UC` ने सुरू होणारी चोवीस अक्षरांची एक कायमची ओळख असते. ती यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जखाली सापडते. `youtube.com/channel/` पुढे ती जोडून बनलेला पत्ता नाव बदललं, हँडल बदललं तरी चालूच राहतो. माणसाने तो टाइप करणं अशक्य आहे, पण कोडला काही फरक पडत नाही. गल्ल्यावर चिकटवायचा कोड त्या पत्त्याचा बनवा. पिशवीवर, बिलावर, बोलण्यात हँडल द्या. छापताना शब्दांची सुरुवात मोठ्या अक्षराने करा: `@SumanPaithani`. यूट्यूबला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो, वाचणाऱ्याला मात्र एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते दिसतं.

दिवाळीच्या पिशव्यांची ऑर्डर द्यायची असेल, तर आधी ते चार-पाच फोन करा. छापखान्याला होकार त्यानंतर द्या.